लसीकरण मोहिमेसाठी भिंतीवरच्या घोषणा हव्यात (पारोळा तालुका, मदत करा मंडळी)

गिरणाथडी
राम राम मंडळी. मी पारोळा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गावच्या आरोग्य समितीत नाव असल्याने पुढच्या महिन्यातल्या बालकांच्या लसीकरण मोहिमेच्या घोषणा लिहायचं काम माझ्याकडे आलंय. सहा भिंती मिळाल्यात. अंगणवाडीसमोरची, ग्रामपंचायतीची, दूध डेअरीची, एसटी थांब्याची, मारुतीच्या पाराजवळची आणि किराणा दुकानाची.

गावात लसीला उघड विरोध कुणाचाच नाही. सगळे हो म्हणतात. पण आशाताईंच्या वहीत पाहिलं तर दीड महिन्याच्या डोसला आलेली बरीच बाळं अडीच महिन्याला येत नाहीत. विचारलं की 'पाहू', 'पुढच्या खेपेला', 'सर्दी झालीय'. भांडण नाही, वाद नाही, नुसतं येणं बंद.

मी काढलेले कच्चे नमुने असे:

१. बाळाला द्या लस, आजार होतील बस
२. एक टोचणी, आयुष्यभराची बचावणी
३. लस घ्या बिनधास्त, बाळ राहील मस्त
४. अफवांवर विश्वास ठेवू नका, लस चुकवू नका
५. लस पूर्ण सुरक्षित, बाळ सदा रक्षित
६. सुजाण पालक तोच, जो वेळेवर देई डोस

यमक जमलंय असं वाटतं, पण न येणाऱ्या आईला यातलं काही लागू पडेल का, ही शंका आहे. सुचवा.

वांग्याचं_भरीत
सर, क्रमांक तीन मस्तच. पण खरं सांगू का, मी दोन्ही डोस घेतले, वर बूस्टरही घेतला, तरी मला कोविड झालाच. लोकांचा विश्वास तिथेच उडाला. आधी त्याचं उत्तर द्या, मग घोषणा लिहा.

गिरणाथडी
भाऊ, ही मोठ्यांची लस नाही हो. तान्ह्या बाळांची चाललीय. बीसीजी, पेंटा, गोवर.

वांग्याचं_भरीत
अच्छा अच्छा. शीर्षकात 'मोहीम' वाचलं आणि डोकं तिकडेच गेलं. पण बघा, माझ्यासारखेच गावातले लोकही गोंधळणार. भिंतीवर नुसतं 'लस' लिहू नका, कुठली ते लिहा.

निवृत्त_सिस्टर
सरांचा धागा वाचून राहवलं नाही. मी एएनएम म्हणून उपकेंद्रावर नोकरी केली, आधी साक्री तालुक्यात, मग अमळनेर तालुक्यात. आता घरीच असते.

सर, तुमच्या यादीतला क्रमांक पाच आधी काढा. 'पूर्ण सुरक्षित' वाचून बाई येते, दीड महिन्याची लस देऊन घरी जाते आणि त्याच रात्री बाळ तापाने फणफणतं. मांडी सुजते, बाळ अंगाला हात लावू देत नाही. सासू म्हणते, 'सुरक्षित म्हणे!' आता ती भिंतीला खोटं ठरवते, सिस्टरला खोटं ठरवते आणि अडीच महिन्याला सुनेला पाठवत नाही. ती भांडायलाही येत नाही. तुमच्या गावात जे 'नुसतं येणं बंद' आहे ना, त्याचं मूळ मला तरी इथे दिसतं.

हा ताप पेंटाचा असतो. पाच आजारांची एक लस आहे ती, आणि त्यात डांग्या खोकल्याचा जो भाग असतो त्याने ताप येतो. बहुतेक त्याच संध्याकाळी किंवा रात्री येतो आणि एक-दोन दिवसांत उतरतो. हे आम्हाला माहीत असतं, डॉक्टरांना माहीत असतं. फक्त ज्या बाईला रात्री दोन वाजता बाळ घेऊन बसायचंय तिलाच कुणी आधी सांगत नाही.

क्रमांक दोनही चालणार नाही. 'एक टोचणी' लिहिल्यावर दुसऱ्या टोचणीला का यायचं? आपला सगळा घोळच दुसऱ्या वेळेचा आहे.

मेडिकलवाला_धुळे
सिस्टरांशी सहमत. मी औषधाच्या दुकानात रोज हे बघतो. मी पालकांना एकच सांगतो, ताप आला म्हणजे लस लागली! ताप ही चांगली खूण आहे. हीच घोषणा करा: 'ताप आला बाळाला, लस लागू झाली त्याला'. भीतीचं रूपांतर आनंदात. शिवाय लसीला निघण्याआधीच तापाच्या औषधाचा डोस पाजून न्या, म्हणजे ताप येणारच नाही.

निवृत्त_सिस्टर
मेडिकलवाले भाऊ, अर्धं बरोबर आहे. शरीर लसीला ओळखतंय म्हणून ताप येतो, इथपर्यंत ठीक. पण बऱ्याच बाळांना ताप येतच नाही आणि त्यांनाही लस तेवढीच लागू होते. तुमची घोषणा भिंतीवर गेली तर ज्या बाळाला ताप आला नाही त्याची आई म्हणेल, 'आमची लस वाया गेली, पाणीच टोचलं वाटतं.' एक शंका मिटवायला गेलो आणि दुसरी तयार केली. बीसीजीच्या वेळी हा अनुभव घेतलाय. दंडावर व्रण उठला म्हणजे लस लागली, असं आम्हीच कौतुकाने सांगायचो. मग ज्यांना व्रण उठला नाही त्या बाया पुन्हा टोचून द्या म्हणून यायच्या. व्रण नसला तरी पुन्हा द्यायची नसते.

आणि आधीच औषध पाजून नेऊ नका. ताप आला तर द्यायचं, आणि वजन बघून सिस्टर सांगेल तेवढंच. भिंतीवर तर मात्रा अजिबात नको. तुम्ही दुकानदार आहात, तुम्हाला माहीत आहे की थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असतं आणि साध्या सिरपच्या पाच मिलीत १२५. 'अर्धा चमचा' असं कुणी वाचलं आणि घरात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात चौपट जाईल.

मेडिकलवाला_धुळे
मात्रेचं मान्य. त्यात दुप्पट ताकदीचं सिरपही मिळतं, २५०वालं, म्हणजे घोळात घोळ. पण ताई, 'ताप ही चांगली खूण' याने लोक शांत होतात हे मी रोज बघतो. बोलताना तरी ते मी सोडणार नाही.

आशा_वहिनी
मी आशा आहे, गाव सांगत नाही. सिस्टरांनी म्हटलं ते शंभर टक्के. माझ्या एका घरात सासूबाई सरळ म्हणाल्या, 'पोऱ्या रातभर रडना, आते नको.' बस. यावर मी अफवा, जनजागृती, काय बोलणार? त्यांनी अफवा ऐकलीच नव्हती. त्यांनी रात्र काढली होती.

दुसरी गोष्ट कुणी तोंडावर बोलत नाही, पण मला माहीत आहे. त्यांना वाटतं की हिला पैसे मिळतात म्हणून मागे लागते. मिळतातच, बाळाची वर्षाची लस पूर्ण झाली की मोबदला असतो. मी आता आधीच सांगते. 'हो, मिळतात, पण तुमचं बाळ मी जन्माच्या आधीपासून ओळखते.' एकदा सांगून टाकलं की कुजबूज थांबते.

तिसरी शंका अशी, की दीड महिन्याला एकाच दिवशी एवढ्या सुया का? तेव्हा तीन सुया असतात. डाव्या मांडीत पेंटा, उजव्या मांडीत न्यूमोनियाची पीसीव्ही आणि उजव्या दंडावर पोलिओची छोटी. शिवाय तोंडातून पोलिओ आणि रोटाचे थेंब. बाळ तीनदा किंचाळतं, आईचं काळीज फाटतं. ती मनात म्हणते, पुन्हा महिन्याने हेच?

पण हेच नसतं ना! अडीच महिन्याला एकच सुई असते. पेंटा, बाकी थेंब. ज्या डोसला बाया येत नाहीत तोच सगळ्यात सोपा आहे आणि ते कुणाला माहीतच नाही.

गिरणाथडी
आशा वहिनी, हे खरंच असंच आहे? मग ही तर तयार घोषणा झाली: 'पहिल्या वेळी तीन सुया, दुसऱ्या वेळी एकच.'

निवृत्त_सिस्टर
खरंच आहे. साडेतीन महिन्याला पुन्हा तीन असतात, तेवढं मात्र लपवू नका. कुणी विचारलं तर सांगायचं. भिंतीवर दीड आणि अडीच स्पष्ट लिहा, नाहीतर बीसीजीला पहिली वेळ समजतील. 'दीड महिन्याला तीन सुया, अडीच महिन्याला एकच.'

सुरतची_लेक
मी मूळची शिरपूरची, आता सुरतला. माझ्या मुलाला खाजगी दवाखान्यात अडीच महिन्याला दोन सुया दिल्या होत्या. मग तुमचं एक कसं? आणि आमच्या डॉक्टरांनी 'बिनतापाची' लस दिली, मुलाला खरंच ताप आला नाही. माझ्या वहिनीच्या बाळाला गावी सरकारी दिली तर दोन दिवस रडलं. ती मला फोनवर म्हणाली, 'फुकटची म्हणून हलकी असते का गं?' मला काही उत्तर देता आलं नाही. गावातली प्रत्येक आई मनात हेच म्हणत असणार.

निवृत्त_सिस्टर
बाई, हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. नेमका हाच कुणी सिस्टरला तोंडावर विचारत नाही.

खाजगीतलं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, तिथे पीसीव्ही अडीच महिन्यालाही देतात, म्हणून तुमच्या दोन सुया. सरकारी वेळापत्रकात ती दीड, साडेतीन आणि नऊ महिन्याला आहे. म्हणजे सरांची घोषणा गावच्या उपकेंद्रापुरती खरी आहे.

आता ताप. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जंतू मारून अख्खा घातलेला असतो. खाजगीतल्या त्या महाग लसीत जंतूचे निवडक तुकडे असतात. अख्ख्याने ताप जास्त येतो, तुकड्यांनी कमी. पण तुकड्यांच्या लसीचं संरक्षण लवकर ओसरतं, हेही तितकंच खरं. तेव्हा हलकी म्हणायची तर कुठली म्हणायची? वहिनीला सांगा, ताप जास्त आहे पण लस हलकी नाही. ज्यांना परवडतं त्यांनी ती महागडी घेतली तरी माझी हरकत नाही, बाळ लसीविना राहू नये एवढंच.

सुरतची_लेक
धन्यवाद आक्का. आजच फोन करते. पण हे सगळं भिंतीवर कसं मावणार?

पेंटर_बाबा
मी भिंती रंगवतो. पारोळा, एरंडोल, कासोदा पट्ट्यात निवडणुकीपासून खतांच्या जाहिरातीपर्यंत सगळं केलंय. सर, तुम्ही लोक कागदावर बोलताय, मी भिंतीवर बोलतो.

दहा फूट रुंद, चार फूट उंच भिंत धरा. मोटरसायकलवरून जाणाऱ्याला वाचता यायचं तर अक्षर निदान पाच-सहा इंच उंच हवं. वर-खाली मात्रा, उकार आले की ओळीला जवळजवळ फूटभर लागतो. म्हणजे चार ओळी. ओळीत चार शब्द, फार तर पाच. खाली आरोग्य विभागाचं नाव आणि चिन्ह टाकायला लावतात, तिथे एक ओळ गेली. तुमच्या हातात खरं तर तीनच ओळी.

आणि पाराजवळची भिंत सोडा. तिथे पुरुष पत्ते खेळतात. बाया जिथे उभ्या राहतात तिथे लिहा, डेअरी आणि नळ.

गिरणाथडी
पेंटर बाबा, हे सोनं आहे. चला, तापाची घोषणा घासून बघू. माझा पहिला प्रयत्न:

'दीड महिन्याच्या लसीनंतर बाळाला ताप येण्याची शक्यता असते, तो एक-दोन दिवसांत उतरतो, घाबरू नका.'

पेंटर_बाबा
हे परिपत्रक झालं. भिंत नाही.

गिरणाथडी
'लसीचा ताप येतो, दोन दिवसांत जातो.'

आशा_वहिनी
सर, 'येतो' म्हटलं की सगळ्यांना येतो असं होतं. मग सिस्टर वर म्हणाल्या तोच घोळ, ज्याला नाही आला त्याची आई घाबरेल. आणि पहिलटकरणीला तर वाटेल, ताप येणारच असेल तर कशाला जायचं. 'घाबरू नका' पण नको. आमच्याकडे कुणी 'घाबरू नका' म्हटलं की आधी घाबरतात.

पेंटर_बाबा
प्रश्न टाका ना सर. प्रश्न असला की माणूस थांबून वाचतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं आहे.

'लसीनंतर ताप आला तर?
दोन दिवसांत उतरतो.
औषध घेऊनच घरी जा.'

तीन ओळी, दोन ओळीत चार-चार शब्द, मधली तीनची. बसतं.

निवृत्त_सिस्टर
बाबा, माझ्या डोक्यात इतकी वर्षं होतं ते तुम्ही अकरा शब्दांत आणलंत. 'आला तर' मुळे ज्याला येत नाही तोही सुटला. प्रश्न आईच्या मनातला आहे, सरकारचा नाही. आणि तिसरी ओळ तर फार कामाची, कारण ती आईपेक्षा सिस्टरला कामाला लावते. बाई औषध मागणारच.

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, उपकेंद्रात तापाचं औषध असलंच पाहिजे. मोहिमेत लस पोचते, औषधाची पेटी संपलेली असते, हे होतं. भिंतीवर लिहिलं आणि हातात मिळालं नाही तर घोषणा उलटली. औषध आहे का हे भिंत रंगवायच्या आधी बघा.

दुसरी, ही ओळ पेंटाचीच आहे. नऊ महिन्याच्या गोवर-रुबेलाला ताप त्या रात्री येत नाही. आला तर साधारण आठवड्यानंतर येतो, कधी अंगावर बारीक पुरळही येतं. तोवर आई लस विसरलेली असते. मग ती म्हणते, लस दिली तरी गोवर निघाला, ही लस खोटी. ते भिंतीवर घालू नका, लस दिल्यावर अर्धा तास बसवतो तेव्हा सिस्टरने तोंडाने सांगायचं. भिंतीवर सगळं आणलं की काहीच वाचलं जात नाही.

मेडिकलवाला_धुळे
आणि खरोखर दवाखान्यात न्यायची वेळ कधी? 'दोन दिवसांत उतरतो' वाचून कुणी झटका आलेलं बाळ घरी ठेवलं तर?

निवृत्त_सिस्टर
रास्त प्रश्न. झटका आला, बाळ तीन तासांच्या वर एकसारखं रडतंय आणि काही केल्या थांबत नाही, सुस्त पडून दूध ओढत नाही, किंवा ताप दोन दिवसांनीही हटत नाही, तर थांबायचं नाही, दवाखाना. झटक्याला सरळ १०८. हे लसीच्या कार्डाला टाचणीने लावायच्या चिठ्ठीवर छापा. कार्ड घरात राहतं, रात्री दोन वाजता भिंत वाचायला कोण जातंय?

अस्तंबा_पायथा
वाचतोय. मी धडगाव तालुक्यात शिक्षक आहे. तुमचं सगळं पारोळ्याला ठीक, आमच्याकडे भिंतच नाही. एक पाडा या टेकडीवर, दुसरा त्या टेकडीवर, घरं कुडाची. बाया बोलतात पावरी नाहीतर भिली. मराठी फलक फक्त मीच वाचतो. वरून येणारे बॅनर लोक धान्य झाकायला नेतात, निदान तेवढा तरी उपयोग.

आमच्याकडे चालतो तो आवाज. आठवडे बाजाराच्या दिवशी सगळे पाडे खाली येतात. गेल्या खेपेला गाडीवर शहरातल्या पुरुषाच्या खणखणीत आवाजातली मराठी टेप होती, कुणी मान वळवली नाही. मग इथल्याच एका बाईने, जिची स्वतःची तीन पोरं आहेत, पावरीत दोन वाक्यं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड केली. पोराला रात्री ताप आला होता, सिस्टरने औषध दिलं होतं, दुसऱ्या दिवशी उतरला, एवढंच. यमक नाही, काही नाही. बाया उभ्या राहून ऐकत होत्या, 'ही अमक्याची सून ना?' म्हणत. लसीला किती जास्त आल्या ते मी मोजलेलं नाही, त्यामुळे मोठा दावा करत नाही.

आणखी एक. दिवाळी झाली की आमची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात, होळीच्या सुमाराला परततात. दीड महिन्याचा डोस इथे झाला तर पुढचे दोन फडावर येतात. त्यांच्यासाठी घोषणा एकच: कार्ड सोबत ने, कुठल्याही गावात लस मिळते. हे मुकादमाच्या कानावर घातलं तर जास्त उपयोग, कारण फडावरून सुट्टी तोच देतो.

आशा_वहिनी
अस्तंबा सर, हेच आमच्याकडे आखाजीला होतं! लेकी माहेरी येतात, महिनाभर राहतात, बाळाचा डोस सासरच्या गावी चुकतो. त्यांना वाटतं, आपलं नाव तिकडच्या वहीत, इथे देणार नाहीत. देतात की! मी एसटी थांब्याच्या भिंतीसाठी अहिराणीत लिहून देते:

'आखाजीले माहेर उनी?
कार्ड लई ये,
लस आठेच मिळी.'

वांग्याचं_भरीत
एक नंबर! हे वाचून मी पण लस घ्यायला येतो.

गिरणाथडी
वाहवा. पण एक अडचण सांगतो. वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवलं तर त्यांचं म्हणणं, सरकारी भिंतीवर प्रमाण मराठीच हवी, बोलीत लिहिलं की थट्टा वाटते. समितीतले दोन म्हातारेही तेच म्हणाले, 'अहिराणी घरनी, भिंतवर कसाले?' मला स्वतःला आवडलंय.

सुरतची_लेक
मला एसटीतून उतरल्यावर हे दिसलं असतं तर मी हसून थांबले असते आणि बाळाचं कार्ड शोधलं असतं. म्हातारे लसीला येत नाहीत, लेकी येतात. त्यांना विचारा.

मेडिकलवाला_धुळे
क्रमांक चारची अफवावाली पण बदला. 'लसीने वंध्यत्व येत नाही' असं स्पष्टच लिहा. आमच्या भागात काही मोहल्ल्यांत ही कुजबूज आहे, थेट उत्तर दिलेलं बरं.

निवृत्त_सिस्टर
भिंतीवर नका लिहू. ज्या शंभर जणांनी ही कुजबूज ऐकली नव्हती त्यांना तुम्हीच ती मोठ्या अक्षरात सांगाल, आणि चार दिवसांनी लोकांना 'लस' आणि 'वंध्यत्व' एवढंच आठवेल, मधलं 'नाही' पुसलं जाईल. ज्या घरात ही शंका आहे तिथे जाऊन बसा. जमलं तर त्याच मोहल्ल्यातली बाई घेऊन जा, जिची मुलं लस घेऊन मोठी झाली आणि आता त्यांना मुलं आहेत. २०२२च्या शेवटी मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा आमच्या ओळखीच्या सिस्टर घरोघर गेल्या होत्या. त्या सांगायच्या की दारात उभं राहून वाद घातला की दार लागतं, आत बसून चहा घेतला की प्रश्न येतात.

सर, क्रमांक सहाही काढा, 'सुजाण पालक'. जिचं बाळ राहिलंय ती वाचते, 'म्हणजे मी अडाणी.' आधीच ती उशीर झाला म्हणून तोंड लपवतेय. बायका सांगतात मला, 'आक्का, चार महिने होऊन गेले, आता गेलो तर सिस्टर ओरडतील, म्हणून गेलोच नाही.' त्यांना वाटतं सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तसं काही नसतं. जिथे थांबलं तिथून पुढे द्यायचं, पेंटाच्या दोन डोसांत निदान चार आठवडे अंतर ठेवलं की झालं. तिथे लिहा: 'उशीर झाला? तरी या. पुढचा डोस मिळेल.'

आशा_वहिनी
आणि सिस्टर ओरडली तर?

निवृत्त_सिस्टर
तर घोषणा पुसून टाका. आम्ही ओरडायचो, हे मी नाकारत नाही. उन्हात, भरल्या सत्रात, वर रिपोर्टची घाई. पण ज्या बाईला भिंतीने बोलावलं तिला टेबलावर बोल लावायचा नाही, हे मोहिमेच्या आधीच्या बैठकीत ठरवून घ्या.

गिरणाथडी
आतापर्यंतचं ठरलेलं: अंगणवाडी आणि डेअरीला तापाची. किराण्याला 'दीड महिन्याला तीन सुया, अडीच महिन्याला एकच'. ग्रामपंचायतीला उशीरवाली. एसटी थांब्याला आखाजीची, भाषेचं भांडण मिटलं तर. पारावर काहीच नाही.

प्रत्येक भिंतीखाली एक फोन नंबर टाकावा असं मनात आहे. रात्री ताप आला तर कुणाला विचारायचं? आशा वहिनी, आमच्या आशाताईंचाच टाकू का?

आशा_वहिनी
नको सर. मागे एका पोस्टरवर माझा नंबर छापला होता. रात्री अकराला दारू पिऊन फोन, फालतू मेसेज, नवऱ्याशी घरात कटकट. ज्या बायांना हवा त्यांच्या कार्डावर मी हाताने लिहून देते. भिंतीवर माझा नंबर नाही.

पेंटर_बाबा
आणि नंबर बदलला की पुन्हा मलाच बोलावतात, पैसे मात्र देत नाहीत.

मेडिकलवाला_धुळे
उपकेंद्राचा अधिकृत मोबाइल असतो ना? तो टाका.

निवृत्त_सिस्टर
असतो. कधी चार्ज असतो, कधी नसतो. रात्री कोण उचलणार हे आधी विचारून या, मग टाका. आरोग्य केंद्रात रात्रपाळीला जी नर्स असते तिचं टेबल चालेल का बघा, निदान कुणीतरी जागं असतं.

गिरणाथडी
उद्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारतो, औषधाच्या साठ्याचंही बघतो. पेंटर बाबा, खाली एका बारीक ओळीची जागा रिकामी ठेवता येईल का?

पेंटर_बाबा
ठेवतो. पण चुन्याचा हात बुधवारी मारायचाय, अक्षरं शुक्रवारी. शुक्रवारी सकाळपर्यंत नंबर आला तर ठीक, नाहीतर तिथे सत्राचा वार आणि वेळ लिहून मोकळा होतो. आणि सर, अहिराणीचं काय ते म्हाताऱ्यांशी तुम्हीच बोला, मला दोन्ही लिहिता येतं.